श्वास संथ केला की बीपी उतरतं, पण किती आणि किती वेळ?

सकाळी साडेसातला आत्याचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "अगं, उठल्यावर मोजलं तर १५६/९२. मग पंधरा मिनिटं डोळे मिटून संथ श्वास घेतला आणि लगेच परत मोजलं, १४२/८६! चौदा पॉईंट खाली. आता मला सांग, गोळी कशाला हवी?"

आत्या ५८ वर्षांची. दोन महिन्यांपूर्वी तिच्या डॉक्टरांनी बीपीची गोळी सुचवली होती आणि ती टाळत होती. एकदा सुरू झाली की जन्मभर चिकटते, ही तिची धास्ती. मी स्वतः फिजिशियन असल्यामुळे हाच प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. पण आत्याला "छे, असं काही नसतं" म्हणून उडवून लावणं मला जमलं नाही, कारण तिच्या यंत्रावर जे दिसलं ते खोटं नव्हतं. श्वास संथ केला की बीपी खरोखर उतरतं. फक्त त्या चौदा पॉईंटांतले श्वासाचे किती, आणि दुपारी दोन वाजता त्यातले किती शिल्लक असतात, हे वेगळं मोजावं लागतं.

मानेतली राखण

आधी ते उतरतं कसं ते बघू. मनगटावर दोन बोटं ठेवून आपली नाडी धरा आणि अगदी सावकाश श्वास घ्या. श्वास आत जाताना ठोके किंचित जवळजवळ पडतात, बाहेर सोडताना लांब लांब. तरुणांमध्ये हे बोटांना स्पष्ट कळतं, वय वाढेल तसा फरक कमी होतो. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाला आवर घालणारी व्हेगस नावाची नस अधिक जोर धरते, म्हणून ठोके मंदावतात. उच्छ्वास लांबवण्यामागचं एक कारण हेच.

दुसरी गोष्ट मानेत घडते. मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी जबड्याखाली जिथे दुभंगते, तिथे तिच्या भिंतीत ताण ओळखणारे मज्जातंतू असतात. असेच काही हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीतही असतात. दाब वाढून भिंत ताणली गेली की हे तंतू मेंदूच्या तळाशी निरोप पाठवतात, आणि तिथून उलट हुकूम सुटतो: ठोके कमी करा, हातापायांकडच्या बारीक धमन्या सैल सोडा. दाब पडला की याच्या उलट. आपण झटकन उभे राहतो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी न येता सावरतो, ते या राखणीमुळेच.

या सगळ्या फेऱ्याला साधारण दहा सेकंद लागतात. म्हणून आपण स्वस्थ बसलो असलो तरी दाब आपोआप दर दहा सेकंदांनी थोडा वर-खाली होत असतो. आता श्वासही दहा सेकंदांचा केला, म्हणजे मिनिटाला सहा, तर श्वासामुळे येणारी लाट आणि ही मूळची लाट एकमेकींच्या तालात येतात आणि राखण करणारी यंत्रणा जास्त जागरूक होते. सहा या आकड्याला महत्त्व आलं ते यामुळे. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली एक सुंदर निरीक्षण प्रसिद्ध केलं. लॅटिन भाषेतली जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्र, दोन्ही म्हणताना माणसांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येत होता. पुढे २००५ साली उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना सहाच्या गतीने श्वास घ्यायला लावून मोजलं, तेव्हा वरचं बीपी सरासरी १५० वरून १४१ वर आलं आणि खालचं ८३ वरून ७८ वर. हा परिणाम श्वास चालू असतानाचा, म्हणजे आत्याने पाहिला तसलाच.

आता याची दुसरी बाजू, जी क्वचितच कुणी सांगतं. मानेतली ही राखण थोड्या वेळाच्या चढ-उतारासाठी बनलेली आहे. दाब दिवसेंदिवस चढाच राहिला, तर एक-दोन दिवसांतच ती त्या नव्या पातळीला 'हीच नेहमीची' मानून बसते आणि तिथूनच राखण करू लागते. महिनोन् महिने, वर्षानुवर्षे दाब कुठे राहायचा हे मुख्यतः मूत्रपिंड ठरवतात, शरीरात मीठ आणि पाणी किती ठेवायचं यावरून. शिवाय वयानुसार मोठ्या धमन्या कडक होतात, आणि कडक नळीत तेवढ्याच रक्ताने दाब जास्त चढतो. संथ श्वासाचा हात पोहोचतो तो ताण वाढवणाऱ्या मज्जासंस्थेपर्यंत. कडक झालेली धमनी त्याने मऊ होत नाही आणि मूत्रपिंडाचं मिठाचं गणितही बदलत नाही. ज्याच्या बीपीत या मज्जासंस्थेचा वाटा मोठा, त्याला गुण जास्त. ज्याच्यात मूत्रपिंडाचा किंवा धमन्यांचा वाटा मोठा, त्याला कमी.

नुसतं बसलं तर?

आत्याला मी एक प्रयोग करायला सांगितला. उद्या सकाळी उठल्यावर तसंच मोज, मग पंधरा मिनिटं त्याच खुर्चीत नुसती बस. श्वासाकडे लक्ष नको, मोबाइल नको, कुणाशी बोलणं नको. आणि परत मोज. तिने ते केलं. १५५ वरून १४६.

म्हणजे चौदांतले नऊ पॉईंट नुसत्या बसण्यानेच उतरत होते आणि श्वासाच्या वाट्याला पाच आले. एका दिवसाच्या मोजणीवर फार विसंबू नये, तरी मुद्दा तिच्या ध्यानात आला. उठल्या उठल्या, धावपळीत घेतलेला पहिला आकडा मुळातच चढा असतो. त्यानंतर काहीही करा, अगदी भिंतीकडे बघत बसा, दुसरा आकडा बहुतेक वेळा कमीच येतो.

या विषयावरच्या संशोधनातही हीच खोच आहे, म्हणून त्याचा थोडा इतिहास सांगते. १९६९ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बऱ्याच जणांचं बीपी उतरलं, काहींच्या गोळ्या कमी झाल्या. त्या काळात हे काम धाडसाचं होतं. पण शवासन न करणारा तुलनेचा गट नसेल, तर उतरलेल्यापैकी शवासनाचं किती हे सांगता येत नाही.

ती उणीव ब्रिटनमध्ये डॉक्टरकी करणाऱ्या डॉ. चंद्रा पटेल यांनी भरून काढली. त्यांनी १९७५ साली ३४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला सहा आठवडे योगातलं शिथिलीकरण शिकवलं, दुसऱ्याला तेवढाच वेळ नुसता आराम. योगाच्या गटात वरचं बीपी सरासरी २६ ने उतरलं. आणि नुसत्या आरामाच्या गटात? तेही ९ ने उतरलं. काही न शिकवता उतरलेले हे नऊ मला फार बोलके वाटतात. माणसं आकडा चढा असताना अभ्यासात येतात, मग तो थोडा आपोआप खाली सरकतो. यंत्राची आणि डॉक्टरांची धास्ती सवयीने जाते. कुणीतरी आपली विचारपूस करतंय याचाही परिणाम होतो. अर्थात २६ वजा ९ म्हणजे १७ हा फरकही मोठाच. पण ही माणसं सुरुवातीला १६८/१०० च्या आसपास होती, आणि जिथून सुरुवात जितकी उंच तितकी घसरण मोठी दिसते. पुढच्या अभ्यासांतून सरासरी निघाली ती याहून बरीच लहान.

२०१९ साली योगावरचे ४९ तुलनात्मक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला. सरासरी उतार निघाला वरच्या बीपीत ५ आणि खालच्यात ४. नुसत्या आसनांपेक्षा आसनं, श्वसन आणि ध्यान तिन्ही करणाऱ्यांत तो अधिक होता. ज्यांना मुळात उच्च रक्तदाब होता आणि जे आठवड्यातून तीनदा हे तिन्ही करत होते, त्यांच्यात ११ आणि ६ पर्यंत. मी या अकराकडे थोडं सावधपणे बघते. यातले बरेच अभ्यास छोटे आहेत, आणि योग करणाऱ्याला आपण योग करतोय हे माहीत असतंच, गोळीसारखी खोटी गोळी देऊन तुलना करता येत नाही.

श्वासाच्या बाबतीत मात्र अशी तुलना थोडीफार करता आली. छातीला पट्टा बांधून, कानात सूर ऐकवून श्वास हळूहळू मिनिटाला दहाच्या खाली आणणारं एक यंत्र २००२ पासून अमेरिकेत मान्यता घेऊन विकलं जात होतं. त्यावरचे अभ्यास २०१२ साली एकत्र केले तेव्हा उतार निघाला सुमारे ४ आणि अडीच. पण यंत्र बनवणाऱ्यांचा हात असलेले अभ्यास बाजूला काढल्यावर जे उरले, त्यांत काहीच फरक दिसेना. काही अभ्यासांत दुसरा गट नुसतं शांत संगीत ऐकत होता आणि त्यांचंही बीपी उतरत होतं. ध्यानाचं चित्रही असंच आहे: चार-पाच पॉईंटांच्या आसपास, तेही सगळ्याच पद्धतींत नाही.

हे सगळं समोर ठेवून मी रुग्णांना सांगते तो आकडा असा: नेमाने केलं तर काही आठवड्यांनी वरचं बीपी दिवसभराच्या सरासरीत तीन ते पाच पॉईंट उतरू शकतं. कुणाचं जास्त, कुणाचं शून्य. गोळीचा एक नेहमीचा डोस सरासरी नऊच्या आसपास उतरवतो.

पाच म्हणजे थोडं वाटेल. पण हजारो माणसांवरच्या औषधांच्या चाचण्या एकत्र केल्यावर दिसलं, की वरचं बीपी पाचने कमी राहिलं तर हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदय थकणं असे मोठे प्रसंग सुमारे १० टक्क्यांनी घटतात. अट एवढीच, की ते पाच दिवसरात्र कमी राहायला हवेत. श्वासानंतरच्या वीस मिनिटांपुरते नव्हे.

करायचं कसं

खुर्चीत पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर. नाकाने चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर. मध्ये रोखायचा नाही. एक हात पोटावर ठेवला तर श्वासाबरोबर तो हलताना जाणवतो, खांदे उचलले जात नाहीत. एवढंच पंधरा मिनिटं.

बहुतेकांची चूक इथेच होते: संथ श्वास म्हणजे खूप मोठा श्वास असं समजून छाती भरभरून हवा घेतात. आपण एरवी मिनिटाला बारा ते अठरा श्वास घेतो. ते सहा केल्यावर प्रत्येक श्वास थोडा मोठा होणारच, पण मुद्दाम मोठा केला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. मग बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, ओठांभोवती बधिर वाटतं, डोकं हलकं होतं. आत्याला तिसऱ्या दिवशी हेच झालं आणि "ऊर्जा संचारल्यासारखी वाटते" असं ती म्हणाली. मी तिला म्हटलं, ही ऊर्जा नाही, तू जास्त श्वास घेतेयस. श्वास लहान कर, शेजारी बसलेल्याला ऐकूही येऊ नये इतका. मुंग्या थांबल्या. तिला थेट सहावर यायला दम लागत होता, म्हणून पहिला आठवडा मिनिटाला दहा, मग आठ, मग सहा असं उतरलो. सहाचा हट्ट नाही. सातवर बरं वाटत असेल तर सात.

कुंभक न करता केलेला अनुलोम-विलोम किंवा भ्रामरी याच घरातली. भ्रामरीत गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो. कपालभाती आणि भस्त्रिका मात्र उलट्या दिशेच्या आहेत: जोरकस, झपाट्याचा श्वास, ज्याने त्या वेळी बीपी चढू शकतं. बीपी ताब्यात नसेल तर त्या करू नयेत. श्वास दाबून धरणंही टाळावं. शीर्षासन, सर्वांगासन यांत डोक्याकडचा आणि डोळ्यांतला दाब वाढतो, त्यामुळे ज्यांचं बीपी चढं आहे किंवा ज्यांना काचबिंदू आहे त्यांनी ही आसनं सोडून द्यावीत. आणि बीपीच्या गोळ्या चालू असतील तर शवासनातून एकदम उठू नका. कुशीवर वळा, थोडं बसा, मग उभे राहा, नाहीतर तोल जातो.

आपल्याला गुण आला का, हे ओळखायचं कसं

आत्याची मुख्य चूक मोजण्याच्या वेळेची होती. श्वासानंतर लगेच घेतलेला आकडा वहीत लिहायचाच नाही, हा मी तिला घातलेला पहिला नियम.

मग आम्ही असं ठरवलं. सात दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा श्वसनाच्या आधी मोजायचं. गोळी चालू असलेल्याने सकाळचं माप गोळीच्याही आधी घ्यावं. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड उघडा, पट्टा हृदयाच्या पातळीवर, हात टेबलावर टेकलेला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे, आवडलेला एकच नाही. पहिल्या दिवसाचे आकडे धास्तीने चढे येतात म्हणून ते सोडून द्यायचे. उरलेल्या सहा दिवसांचे चोवीस आकडे, त्यांची सरासरी.

तिची सरासरी निघाली १४८/९०. घरी मोजलेलं १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर ते चढं धरतात, डॉक्टरांकडे मोजलेलं १४०/९० पासून. म्हणजे तिचं बीपी खरंच चढं होतं, नुसती धास्ती नव्हती. रक्त, लघवी आणि ईसीजीच्या तपासण्या ठीक होत्या, म्हणून तिच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांची मुदत दिली. अशी मुदत सगळ्यांना मिळत नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, पूर्वी हृदयविकार किंवा पक्षाघात असेल, किंवा आकडा बराच चढा असेल, तर गोळी लगेच सुरू करतात आणि श्वसन सोबतीला ठेवतात.

आठ आठवडे तिने रोज रात्री झोपण्याआधी पंधरा मिनिटं श्वसन केलं. मधले पाच-सहा दिवस चुकले. मग पुन्हा तोच सात दिवसांचा नेम. सरासरी आली १४३/८७.

पाच आणि तीन. अभ्यासांत जेवढं दिसतं जवळपास तेवढंच. यातही सगळं श्रेय श्वासाला देता येत नाही, कारण त्याच काळात तिने जेवणातलं मीठही कमी केलं होतं. शिवाय पहिली मोजणी थंडीत झाली होती, दुसरी उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि उकाड्यात बीपी थोडं कमीच असतं. याहून लहान फरक, दोन-तीन पॉईंटांचा, असता तर मी त्याला काहीच अर्थ दिला नसता. तेवढं तर एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात काही न करताही होतं.

आत्याने आकड्यांकडे बराच वेळ पाहिलं. "म्हणजे उतरलं, पण १३५ च्या खाली नाही गेलं." तिनेच म्हटलं, मला बोलावं लागलं नाही. तिच्या डॉक्टरांनी कमी डोसची एक गोळी सुरू केली. दीड महिन्यानंतरची सरासरी १३१/८१ आहे.

ज्यांच्या गोळ्या आधीच चालू आहेत त्यांनी श्वसन सुरू केल्यावर त्या आपल्या मनाने बंद किंवा कमी करू नयेत. काही गोळ्या अचानक थांबवल्या तर बीपी आणि ठोके उसळून पूर्वीपेक्षाही वर जातात. क्लोनिडिन आणि बीटा ब्लॉकर वर्गातल्या गोळ्यांचं हे विशेष. सात दिवसांच्या सरासरीची वही घेऊन डॉक्टरांकडे जा. सरासरी खरंच खूप खाली राहत असेल, किंवा उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, तर डोस ते कमी करतील. आणि नीट श्वसन, कमी मीठ, दोन-तीन गोळ्या हे सगळं करूनही बीपी हटत नसेल, तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं: मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी अरुंद होणं, अधिवृक्क ग्रंथीचं संप्रेरक वाढणं, झोपेत घोरताना श्वास अडकणं, किंवा रोज घेतली जाणारी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी. इथे श्वसन वाढवत राहिलं तर नुसता वेळ जातो.

एक प्रसंग असा आहे की तिथे श्वसन करत बसूच नये. आकडा १८०/१२० च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना अडखळणं, चेहरा किंवा एक बाजू लुळी पडणं, अचानक अंधुक दिसणं यातलं काहीही असेल, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं. दहा मिनिटं शांत बसून बघू, हा विचार तेव्हा घातक ठरतो. लक्षण काहीच नसेल तर पाच मिनिटं स्वस्थ बसून पुन्हा मोजा, आणि आकडा तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

आत्या अजून रोज रात्री श्वसन करते. गोळी आहे, मग आता ते सोडू का, असं तिने एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, तुला त्याने काय होतं ते तूच सांग. "झोप लवकर लागते," ती म्हणाली. मग सोडू नकोस, म्हटलं. बीपीची वही ती आता तीन महिन्यांतून एकदा, सात दिवसांसाठी उघडते, आणि श्वसनानंतरचा आकडा त्यात लिहीत नाही.